योगशिक्षिकेच्या परिचयातली खाडाखोड

‘इंटरनॅशनल सर्टिफाइड योगा थेरपिस्ट. १० वर्षांचा अनुभव. एका महिन्यात १० किलो वजन कमी. शुगर, बीपी, थायरॉइड, पाठदुखी मुळापासून बरी. १०० टक्के रिझल्ट. मर्यादित जागा, आजच संपर्क साधा.’

सोसायटीच्या लिफ्टशेजारी, किराणा दुकानाच्या काचेवर किंवा व्हॉट्सअॅपच्या गटात दिसेल असा हा मजकूर नमुन्यादाखल जुळवलेला आहे. पण त्यातला एकही शब्द वाचकाला अनोळखी वाटणार नाही. असा परिचय लिहिणारी बाई बहुतेक वेळा लबाड नसते. तिने खरोखर कोर्स केलेला असतो, ती मन लावून शिकवते आणि तिच्या वर्गातल्या काहीजणींना बरेही वाटलेले असते. अडचण होते ती परिचय लिहिताना. आजूबाजूची पत्रके पाहून हात सैल सुटतो आणि जे खरे सांगण्यासारखे होते तेच नेमके लिहायचे राहून जाते. हा नमुना ओळीओळीने तपासला, तर वर्गात नाव घालण्याआधी काय विचारायचे तेही हाती लागते.

पहिली ओळ प्रमाणपत्राची. ‘इंटरनॅशनल’ या शब्दामागे पुष्कळदा ‘योगा अलायन्स’ ही अमेरिकी संस्था असते. १९९९ साली सुरू झालेली ही संस्था स्वतः कुणाची परीक्षा घेत नाही. ती योगशाळांची नोंदणी करते आणि अशा नोंदणीकृत शाळेत २०० किंवा ५०० तासांचे प्रशिक्षण पूर्ण केलेल्या शिक्षकांना आपल्या यादीत घेते. म्हणजे शिकवले, तपासले आणि पास केले ते शाळेने. ती शाळा ऋषिकेशची असेल, गोव्याची असेल किंवा पुण्याच्या एखाद्या उपनगरातली. त्यामुळे परिचयात शाळेचे नाव आणि वर्ष नसेल, तर नुसत्या ‘इंटरनॅशनल’ने काहीच कळत नाही. उलट ती दोन्ही असतील, तर शिक्षकाचे नाव संस्थेच्या यादीत कुणालाही शोधता येते.

२०० तास म्हणजे किती? रोज सात-आठ तास शिकवणाऱ्या निवासी वर्गात ते महिन्याभरात संपतात. शनिवार-रविवारी चार-चार तास गेले, तर पंचवीस आठवडे लागतात. एवढ्या वेळात नेहमीची आसने, श्वसनाचे काही प्रकार, शरीररचनेची तोंडओळख, थोडे तत्त्वज्ञान आणि वर्ग घेण्याचा सराव होतो. निरोगी माणसांचा वर्ग सांभाळायला ही सुरुवात चांगली आहे. आजारी माणसावर उपचार करायला मात्र ती पुरत नाही.

भारतात सरकारी बाजूने योग सर्टिफिकेशन बोर्ड आहे. आयुष मंत्रालयाने योगशिक्षकांच्या ऐच्छिक प्रमाणनाची व्यवस्था २०१५ मध्ये सुरू केली आणि पुढे २०१८ मध्ये त्यासाठी हे बोर्ड नेमले. इथे भर परीक्षेवर असतो. लेखी प्रश्न असतात आणि परीक्षकांसमोर आसने करून, शिकवून दाखवावे लागते. पायऱ्याही ठरलेल्या आहेत. योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर ही पायरी २०० तासांच्या अभ्यासक्रमावर आधारलेली आहे. त्यावर योग वेलनेस इन्स्ट्रक्टर ४०० तासांची आणि योग टीचर अँड इव्हॅल्युएटर ८०० तासांची. आजाऱ्यांसोबत काम करणाऱ्या योग थेरपिस्टसाठी पायऱ्यांची रांगच वेगळी आहे. ‘आयुष मंत्रालय प्रमाणित’ एवढेच लिहिणारा शिक्षक कुठल्या पायरीवर आहे, हे गुलदस्त्यात राहते. पायरीचे नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिला की प्रश्न मिटतो.

तिसरी वाट महाराष्ट्राच्या जुन्या संस्थांची. मुंबईत सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून आहे, लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ पासून, तर पुण्याची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ पासून. अय्यंगार परंपरेत शिकवण्याचा दाखला मिळवायला वर्षानुवर्षांचा स्वतःचा सराव, ज्येष्ठ शिक्षकाच्या हाताखालची उमेदवारी आणि मग परीक्षा अशी वाट असते. विद्यापीठांच्या पदविका आणि पदव्या आहेत त्या वेगळ्याच. यातले काहीही शिकलेली व्यक्ती ‘मी इथे, अमुक साली, अमुक अभ्यासक्रम केला’ असे एका वाक्यात सांगू शकते. तेच सर्वांत वजनदार वाक्य ठरते, कारण संस्थेला फोन करून त्याची खातरजमा करता येते.

आता ‘थेरपिस्ट’ या शब्दाकडे वळू. योगा अलायन्सने २०१६ साली आपल्या यादीतल्या शिक्षकांना सांगितले की, आमच्या नोंदणीच्या जोरावर ‘योग थेरपी’ किंवा ‘थेरपिस्ट’ असे शब्द लावू नका. योग थेरपिस्टना प्रमाणित करणारी आंतरराष्ट्रीय संघटना वेगळी आहे आणि ती किमान ८०० तासांचे प्रशिक्षण मागते. आपल्याकडे निसर्गोपचार व योगशास्त्राची ‘बीएनवायएस’ ही पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची असते. म्हणून २०० तासांच्या दाखल्यावर लावलेला ‘थेरपिस्ट’ हा नमुना परिचयातला खोडायचा पहिला शब्द. त्या जागी ‘योगशिक्षिका’ लिहिले, तर काहीच कमी होत नाही.

जिमच्या ट्रेनरचीही हीच गोष्ट. एसीई, एनएएसएम, एसीएसएम अशी अक्षरे परिचयात असली, तर ती अमेरिकी संस्थांच्या परीक्षांची असतात आणि त्या प्रमाणपत्रांना मुदत असते. ठरावीक काळाने पुढचे प्रशिक्षण घेऊन ती ताजी करावी लागतात. एसीईच्या परीक्षेसाठी छाती दाबून हृदय सुरू करण्याचे, म्हणजे सीपीआरचे चालू प्रमाणपत्रही लागते. ट्रेनरने कितव्या वर्षी परीक्षा दिली यापेक्षा आज ते प्रमाणपत्र चालू आहे का, हा प्रश्न जास्त कामाचा.

‘एका महिन्यात १० किलो’ ही ओळ साध्या हिशेबावर टिकत नाही. शरीरातली एक किलो चरबी वितळायला ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरींची तूट लागते. दहा किलोंना ७७,०००. तीस दिवसांत विभागली की रोज सुमारे २,५६७. सर्वसाधारण प्रौढ बाई दिवसभरात खाते तेच मुळात याहून कमी असते. म्हणजे तिने महिनाभर पाण्यावर राहायचे ठरवले, तरी हा हिशेब बसणार नाही.

मग योगवर्गाचा वाटा किती? संथ हठयोगाच्या तासाला शरीर शांत बसण्याच्या अडीच पट ऊर्जा वापरते, असे व्यायामशास्त्राच्या कोष्टकांत धरलेले असते. ७० किलोच्या माणसाचे तासाला १७५ किलोकॅलरी होतात. पण तो नुसता बसून राहिला असता तरी ७० खर्चल्याच असत्या. योगाने घातलेली खरी भर १०५ ची. आहारात काही न बदलता, केवळ या भरीवर एक किलो चरबी उतरवायला ७३ तास लागतील. रोज एक तास धरला, तर अडीच महिने. भराभर सूर्यनमस्कार घातले तर आकडा वाढतो, पण महिन्याला दहा किलोंच्या आसपासही तो पोहोचत नाही.

तरीही ‘माझे पहिल्याच आठवड्यात तीन किलो गेले’ असे सांगणारी व्यक्ती खोटे बोलत नसते. वर्गासोबत पोळी-भात एकदम तोडला की शरीरात साठलेले ग्लायकोजेन संपते आणि त्याला धरून असलेले पाणीही जाते. काटा खाली येतो, चरबी फारशी हललेली नसते, आणि पूर्वीचे जेवण सुरू झाले की तेच पाणी परत येते. पत्रकातले ‘आधी-नंतर’चे फोटो बऱ्याचदा या पहिल्या आठवड्यांचे असतात. सहा महिन्यांनंतरचा फोटो मागितला, तर चित्र स्पष्ट होते.

आजारांच्या ओळीत चार नावे आहेत आणि चारही ठिकाणी ‘मुळापासून बरी’ हेच क्रियापद. यातल्या पाठदुखीवर संशोधन पुरेसे झाले आहे. अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या कॉक्रेन समीक्षेने २०२२ मध्ये जुनाट कंबरदुखीचा आढावा घेतला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची हालचाल थोडी सुधारली आणि दुखणेही किंचित कमी झाले, पण रुग्णाला ठळक जाणवावा एवढा तो फरक नव्हता. पाठीच्या इतर व्यायामांशी तुलना केली तेव्हा योग त्यांच्या बरोबरीचा निघाला. काहींची पाठ योगानेच जास्त दुखली. हे प्रमाणही इतर व्यायामांइतकेच होते. तेव्हा ‘जुनाट कंबरदुखीत इतर व्यायामांइतका उपयोग होऊ शकतो’ हे वाक्य शिक्षिका बिनधास्त लिहू शकते. ‘बरी करते’ हे लिहू शकत नाही.

हृदयविकाराबाबतचे उदाहरण तर भारतातलेच आहे. ‘योगा-केअर’ नावाच्या चाचणीत देशातल्या २४ रुग्णालयांतले, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले जवळपास ४,००० रुग्ण सहभागी झाले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत योगावर आधारित कार्यक्रम दिला, तर उरलेल्यांना नेहमीचा सल्ला. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योग करणाऱ्यांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटत होती आणि झटक्याआधीची कामे ते अधिक प्रमाणात पुन्हा करू लागले होते. पुढचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू टळण्याबाबत मात्र दोन्ही गटांत ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. मोठ्या कष्टाने उभ्या केलेल्या चाचणीच्या संशोधकांनी हे जसेच्या तसे मांडले. ‘हार्ट ब्लॉकेज उघडतात’ असे छापणाऱ्या पत्रकाच्या हाती याहून भक्कम पुरावा असण्याची शक्यता कमीच.

थायरॉइडच्या दाव्याचे मूळ सर्वांगासनात आहे. हनुवटी गळ्याशी टेकते, ग्रंथीवर दाब येतो, म्हणून ती ‘जागी होते’ असा हा तर्क. पण थायरॉइड कमी पडण्यामागे बऱ्याचदा शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर उलटलेली असते आणि बाहेरून दाब देऊन ती प्रक्रिया थांबत नाही. खरा धोका पुढच्या पायरीवर असतो. वर्ग सुरू केल्यावर उत्साह वाटतो आणि बाई सकाळची गोळी आपल्या मनाने बंद करते. काही दिवस काहीच बिघडत नाही, कारण औषधाचा अंश शरीरात आठवडाभर आणि त्याहूनही जास्त टिकतो. मग हळूहळू थकवा, सूज आणि वजनवाढ परत येते. तोवर ‘योगाने गोळी सुटली’ ही बातमी चार घरांत पोहोचलेली असते.

मधुमेहात उलटा प्रसंगही घडतो. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस सकाळी सहाला उपाशीपोटी सूर्यनमस्कार घालू लागला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. हात थरथरणे, दरदरून घाम, एकदम भूक, बोलताना गोंधळ ही त्याची लक्षणे. वर्गात हे ओळखणारी आणि जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवणारी शिक्षिका मधुमेह्याच्या खरी उपयोगाची. तिच्या परिचयात ‘मधुमेह बरा’ नसले तरी चालेल, पण ‘मधुमेहाची औषधे घेत असल्यास पहिल्याच दिवशी सांगा’ हे असायला हवे.

दाव्यांना कायद्याचीही चौकट आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार केंद्रीय प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. आरोग्य आणि वेलनेसबद्दल समाजमाध्यमांवर सल्ले देणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रमाणित फिटनेस तज्ज्ञाने आपण प्रमाणित आहोत हे सांगावे आणि आपला सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही हेही स्पष्ट करावे, असा त्यांचा रोख आहे. भरपूर पाणी प्या, नियमित व्यायाम करा अशा सर्वसाधारण गोष्टींना त्यातून सूट आहे.

आता शिकवण्याच्या पद्धतीची ओळ. नमुन्यात ती मुळी नाहीच, आणि विद्यार्थ्याला रोज तोंड द्यावे लागते ते नेमके तिला. वर्गात किती जण असतात? चाळीस जणांच्या हॉलमध्ये शेवटच्या ओळीतला गुडघा शिक्षिकेला दिसत नाही. सुरुवातीला काय विचारले जाते? व्यायामक्षेत्रात ‘पार-क्यू’ नावाची एक छोटी प्रश्नावली वापरतात. तिच्या मूळ रूपात सात प्रश्न आहेत. हृदयाचा त्रास, छातीत दुखणे, चक्कर, हाडा-सांध्यांची तक्रार, रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे असे ते प्रश्न आहेत आणि एकालाही ‘हो’ आले, तर आधी डॉक्टरांशी बोलायचे. असा कागद भरून घेणारी शिक्षिका कोणाला कुठले आसन द्यायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवू शकते.

एक उदाहरण घेऊ. ६२ वर्षांच्या एक आजी वर्गात येतात. हाडांची घनता कमी झालेली, डोळ्यांत काचबिंदूचे थेंब चालू. गुडघे त्यांच्या वयाला साजेसे. दोन गोष्टी त्यांच्यासाठी लगेच बाजूला पडतात. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, हे मोजून पाहिलेले आहे. काचबिंदू म्हणजे डोळ्याच्या नसेची झीज आणि वाढलेला दाब तीत भर घालतो, म्हणून डोके खाली जाणारी आसने वर्ज्य. ठिसूळ मणक्यांवर पुढे वाकण्याचा जोर आला, तर मणका दबून मोडू शकतो. म्हणून पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला लावायचा हट्ट नाही. पोटावर झोपून छाती किंचित उचलणारे सौम्य भुजंगासन, भिंतीला पाठ लावून ताडासन, खुर्ची धरून वृक्षासन आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव अशी त्यांची पहिल्या महिन्याची आखणी होऊ शकते. पडण्याचा धोका असलेल्या वयात तोल आणि मांड्यांची ताकद यांवर वेळ घालवणे सयुक्तिक आहे. खुर्ची, पट्टे, ठोकळे वापरून आसन माणसाच्या बेताचे करायची रीत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी जगभर नेली. परिचयात ‘साधनांचा वापर करून शिकवले जाते’ एवढी ओळ असली, तरी अशा आजींना आपल्यासाठी इथे जागा आहे हे समजते.

हात लावून आसन दुरुस्त करण्याबद्दलही एक वाक्य हवे. काही शिक्षक पाठीवर दाब देऊन विद्यार्थ्याला पुढे ढकलतात आणि त्यातून मांडीमागचे स्नायू दुखावतात. ‘विचारल्याशिवाय स्पर्श करून दुरुस्ती केली जात नाही’ हे वाक्य सुरक्षिततेचे आहे आणि सभ्यतेचेही.

आता नमुन्यातल्या बाईंना काय लिहिता येईल ते पाहू. त्यांनी २०० तासांचा कोर्स केला आहे, बोर्डाची पहिली पायरी उत्तीर्ण केली आहे आणि दहापैकी चार वर्षे त्या नियमित शिकवत आहेत, असे धरू. आधीची सहा वर्षे स्वतःच्या सरावाची. खाडाखोड करून परिचय असा होतो:

‘योगशिक्षिका. २०० तासांचे शिक्षक-प्रशिक्षण, अमुक संस्था, अमुक वर्ष. योग सर्टिफिकेशन बोर्डाची योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, क्रमांक अमुक. प्रथमोपचार व सीपीआर प्रशिक्षण, अमुक महिन्यापर्यंत वैध. स्वतःचा सराव १० वर्षे, नियमित अध्यापन ४ वर्षे. एका बॅचमध्ये जास्तीत जास्त १२ जण. नवशिक्यांसाठी आणि साठीपुढच्यांसाठी खुर्ची, पट्टे व भिंतीच्या आधाराने आसने. प्रवेशाच्या वेळी आरोग्य-प्रश्नावली भरून घेतली जाते. गर्भावस्था, अलीकडची शस्त्रक्रिया, हृदयविकार, काचबिंदू किंवा ठिसूळ हाडे असल्यास डॉक्टरांची परवानगी आवश्यक. विचारल्याशिवाय स्पर्श करून दुरुस्ती केली जात नाही. नियमित सरावाने लवचिकता, तोल आणि ताकद वाढायला मदत होते. बदल व्यक्तीनुसार कमी-जास्त असतो. हा वर्ग औषधोपचाराची जागा घेत नाही. चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. पहिला वर्ग निःशुल्क.’

लांबी वाढली हे खरे. ‘१०० टक्के रिझल्ट’च्या शेजारी हा कागद फिका दिसेल, काही फोन कमी येतील, ही धास्तीही खोटी नाही. पण या परिचयाने येणारा माणूस वेगळा असतो. महिन्यात दहा किलोंसाठी आलेली व्यक्ती काटा हलला नाही की दुसऱ्याच महिन्यात फी थांबवते. तोल आणि ताकद वाढवायला आलेल्याला आठ-दहा आठवड्यांत स्वतःच फरक मोजता येतो. पहिल्या दिवशी एका पायावर किती सेकंद उभे राहता आले, अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता आले, हे दोन आकडे वहीत लिहून ठेवायचे आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचे. शिक्षिकेच्या शब्दावर भिस्त ठेवायची गरज उरत नाही.

परिचय वाचणाऱ्याने पहिल्या निःशुल्क वर्गात चार गोष्टी पाहाव्यात. आजार आणि औषधे विचारली गेली का, जमत नसलेल्याला सोपा पर्याय दाखवला का, श्वास कोंडला किंवा दुखले तर थांबायला सांगितले का, आणि ‘मला रक्तदाबाची गोळी आहे’ या वाक्यावर शिक्षिकेचे उत्तर काय आले. ‘सोडून द्या, महिन्यात गरज पडणार नाही’ असे उत्तर आले, तर भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे टांगलेली असली तरी फी भरू नये. ‘गोळी चालू ठेवा, रक्तदाब मोजत राहा, सध्या श्वास रोखून धरायचे प्रकार आणि डोके खाली जाणारी आसने आपण टाळू, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना या वर्गाबद्दल सांगा’ असे उत्तर आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चटई घेऊन जायला हरकत नाही.